बाजू चुकली की फरक दुप्पट होतो

उत्तरपत्रिका तपासताना : भाग ७

मागच्या भागात बँक जुळवणी पत्रक तयार केले, आता ते तपासू. वर्धा जिल्ह्यात हिशेबाचे उदाहरण म्हटले की कापूसच आठवतो, म्हणून हिंगणघाटचा एक व्यापारी कल्पू. आकडे अर्थात सरावापुरते.

३१ मार्चला त्याच्या रोख पुस्तकात बँकेची नावे शिल्लक ४८,५०० रुपये आहे. जिनिंगवाल्याला दिलेला १२,००० चा धनादेश अजून बँकेत पोचलेला नाही. गिऱ्हाइकाचा ९,००० चा धनादेश बँकेत भरला, पण वटला नाही. दुसऱ्या एकाने ६,४०० थेट खात्यात भरले आणि बँकेने ३५० खर्च कापला. या दोन्हींची नोंद रोख पुस्तकात नाही. शिवाय १,६०० चा विमा हप्ता धनादेशाने दिला, तो वटलाही. पण रोख पुस्तकात तो जमेऐवजी नावे बाजूला चढला. पासबुकात ५४,३५० जमा आहेत.

खरी गंमत या हप्त्यात आहे. शिल्लक १,६०० ने घटायची ती तेवढ्यानेच वाढली. म्हणून पासबुकापर्यंत पोचायला ३,२०० वजा करावे लागतात. बहुतेक विद्यार्थी १,६०० च वजा करतात आणि उत्तर ५५,९५० येते. फरक १,६००, म्हणजे प्रश्नात दिसणारीच रक्कम. असा फरक आला की रक्कम गाळली गेली किंवा दुप्पट करायची राहिली, असे समजावे.

आता दुसरी चूक पाहा. हप्ता बरोबर घेतला, पण न वटलेले ९,००० वजा करण्याऐवजी मिळवले. उत्तर ७२,३५० येते आणि फरक १८,०००. एवढी रक्कम प्रश्नात कुठेच नाही. निम्मी केली की ९,००० सापडतात. बाजू चुकल्याची खूण हीच.

दोन्ही चुका एकाच पत्रकात झाल्या, तर फरक १९,६०० येतो आणि त्याच्या निम्म्यातून काहीच हाती लागत नाही. समान रकमेच्या दोन चुका उलटसुलट झाल्या, तर फरक दिसतही नाही. पुष्कळ प्रश्नांत पासबुकाची शिल्लकच काढायची असते, तेव्हा ताडून पाहायला आकडाच नसतो. अशा वेळी प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न विचारावा : या व्यवहारामुळे पासबुकाची शिल्लक रोख पुस्तकापेक्षा जास्त झाली की कमी? जास्त असेल तर मिळवा, कमी असेल तर वजा करा. पासबुकातले ‘जमा’ आपल्या रोख पुस्तकात नावे बाजूला येते, हे विसरल्यामुळेच निम्म्या चुका होतात.

सुरुवात पासबुकापासून असेल, तर सगळी चिन्हे उलटतात. अधिकर्षाचा, म्हणजे ओव्हरड्राफ्टचा प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर वरचे उदाहरण ५४,३५० पासून उलटे सोडवून ४८,५०० येतात का, ते पाहा.