भिंतीवरचं कपाट पुढे का झुकतं?

स्वयंपाकघरातलं भरलेलं कपाट निसटतं, तेव्हा ते सहसा सरळ खाली येत नाही. आधी त्याची वरची कड भिंतीपासून सुटते, मग ते पुढे कलंडतं. हे टाळायचं असेल तर कपाट तिरक्या कापाच्या पट्टीवर टांगावं.

१८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशांत तिरकी चिरायची, की दोन पट्ट्या मिळतात. एक भिंतीवर बसते. तिची धार वर आणि भिंतीपासून दूर असते, त्यामुळे मागे खाच तयार होते. दुसरी कपाटाच्या पाठीवर उलटी बसते आणि त्या खाचेत अडकते. वजन जितकं जास्त, तितकं कपाट भिंतीकडे ओढलं जातं.

समजा, कपाट ९० सेंटिमीटर रुंद, ६० उंच आणि ३० खोल आहे. रिकामं २५ किलो, आत ३५ किलोंची भांडी. एकूण ६० किलो. हा भार भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर पुढे असतो आणि पट्टी खालच्या कडेपासून ५५ सेंटिमीटरवर. म्हणजे ६० किलो खाली ओढत असतानाच वरच्या पट्टीला सुमारे १६ किलोंची ओढ बाहेरच्या दिशेने बसते. आरसा पातळ असल्याने त्याला ही ओढ नगण्य असते; त्याचं वजन मात्र मोजावं. ५ मिलिमीटर काचेचा एक चौरस मीटर साडेबारा किलो भरतो.

बाहेरची ओढ प्लास्टर पेलत नाही. १८ मिलिमीटरची पट्टी, साधारण २० मिलिमीटरचं प्लास्टर आणि पुढे विटेत किमान ५० मिलिमीटर, असा हिशेब धरून ९० ते १०० मिलिमीटरचा स्क्रू आणि त्याला साजेसा लांब प्लग घ्यावा. भोकातून लाल भुकटी आली तर वीट, राखाडी आणि कठीण लागलं तर काँक्रीट. पांढरट, मऊ भुकटी प्लास्टरनंतरही येत राहिली तर हलक्या ब्लॉकची भिंत समजावी आणि तिच्यासाठीचेच प्लग आणावेत. पाकिटावरचा भार बहुधा चांगल्या काँक्रीटसाठी असतो; विटेत त्याच्या चौथ्या हिश्शावरच विसंबावं. इथे सहा स्क्रू लावले, तर प्रत्येकावर खाली सुमारे १० किलो आणि बाहेर ३ किलो येतात. भार समान वाटला जात नाही, म्हणून हात राखून ठेवावा. नळ किंवा स्विचच्या सरळ वर भोक पाडू नये.

पट्टीचा एक स्क्रू आधी सैल लावावा, दुसरं टोक वरखाली करत स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणावा आणि खूण करावी. मग लेव्हल उलटी फिरवून पुन्हा पाहावं. बुडबुडा सरकला तर दोष लेव्हलमध्येच आहे. ओटा किंवा छत यांवर विसंबू नये. पट्टी समतल असली की कपाट डावीउजवीकडे सरकवता येतं.

दोन गोष्टी राहून जातात. पाठीवरची पट्टी नुसत्या पातळ फळीला नव्हे, बाजूच्या आणि वरच्या फळ्यांना पक्की करावी. कपाटाच्या खालच्या कडेमागे तेवढ्याच जाडीची फळी लावावी, नाहीतर कपाट तिरकं राहतं आणि दारं आपोआप उघडतात. पहिले काही आठवडे पट्टीच्या वर भिंतीलगत पेन्सिलीची रेघ पाहत राहावं. पट्टी आणि रेघ यांच्यात फट दिसली, तर आधी भांडी उतरवावीत.