दिवाळीच्या भेटी : मोजायचे नेमके काय?

दिवाळी जवळ आली की पालकांच्या बोलण्यात आणि बालसंगोपनाविषयीच्या लेखनात अलीकडे एक नियम हमखास आढळतो : मुलाला सणानिमित्त चारच भेटी द्याव्यात, एक त्याला हवी असलेली, एक गरजेची, एक अंगावर घालण्याची आणि एक वाचण्याची, म्हणजे घरात पसारा होत नाही आणि मूलही लाडावत नाही. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या खरेदीला आवर घालण्यासाठी रूढ झालेला हा नियम खर्च आटोक्यात ठेवण्याची एक रीत म्हणून निरुपद्रवी आहे. त्याला ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशी पुस्ती जोडली जाते, तेव्हा मात्र तो गैरसमज ठरतो, कारण ज्या संशोधनाचा आधार यासाठी घेतला जातो त्यात भेटींची संख्या मोजलेलीच नाही.

ते संशोधन अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो विद्यापीठात अलेक्सिया मेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि 2018 मध्ये ते प्रसिद्ध झाले. दीड ते अडीच वर्षे वयाच्या 36 बालकांना दोन वेगवेगळ्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटे मोकळेपणी खेळू देण्यात आले. एका वेळी समोर 4 खेळणी होती, तर दुसऱ्या वेळी 16. चार खेळणी असताना बालके एकेका खेळण्यापाशी अधिक वेळ रमली आणि तेच खेळणे त्यांनी अधिक निरनिराळ्या प्रकारे वापरून पाहिले. सोळा असताना ती एकाकडून दुसऱ्याकडे वळत राहिली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो एका वेळी नजरेसमोर किती वस्तू आहेत याविषयीचा आहे. त्या बालकांच्या घरी किती खेळणी होती, ती कोणी दिली होती, सणाला दिली होती की एरवी, आणि पुढे त्यांच्या स्वभावावर काय परिणाम झाला, यांपैकी कोणताही प्रश्न त्या प्रयोगात विचारलेला नाही. तरीही ‘चार खेळणी’ या शब्दांवरून ‘चार भेटी’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तोही दोन वर्षांच्या बालकांपुरता न राहता आठ-दहा वर्षांच्या मुलांना लागू केला जातो. प्रयोगातील एक आकडा उचलून भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरण्याची ही सवय मोडायलाच हवी, कारण तिच्यामुळे पालक भेटी मोजत बसतात आणि जे मोजायला हवे ते मोजायचे राहून जाते.

महाराष्ट्रातील घरांत तर हा नियम व्यवहारातही टिकत नाही. येथे मुलाला मिळणाऱ्या वस्तू एका हातून येत नाहीत. आजी-आजोबा, मामा, आत्या, काका-काकू आणि शेजारी हे सारे आपापल्या परीने काही ना काही आणतात, आणि पाचवी भेट घेऊन दारात आलेल्या आत्याला परत पाठवणे कोणत्याही घराला शोभत नाही. शिवाय ‘एक भेट’ हे माप स्वतःच फसवे आहे. साठ ठोकळ्यांचा संच ही एक भेट, खडूंची पेटी हीसुद्धा एकच भेट आणि रिमोटवर चालणारी मोटार हीदेखील एकच. पण जागा, टिकाऊपणा आणि खेळाच्या शक्यता यांचा विचार करता या तिन्हींत काहीही साम्य नाही.

पसारा आणि लाडावणे हे दोन प्रश्न मुळात वेगळे आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. पसारा म्हणजे घरात येणाऱ्या आणि घराबाहेर जाणाऱ्या वस्तूंमधील तफावत होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी 2001 ते 2005 या काळात 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांतील वस्तूंच्या तपशीलवार नोंदी केल्या; पुरातत्त्वशास्त्रज्ञ उत्खननातील वस्तूंची नोंद ज्या बारकाईने करतात त्याच बारकाईने हे काम झाले, आणि त्यातून दिसलेले चित्र एखाद्या सणाच्या अतिरेकाचे नसून वर्षानुवर्षे साचत गेलेल्या वस्तूंचे होते. आपल्याकडेही वर्षभराचा हिशेब मांडला तर दिवाळी ही त्यातील एक बाब ठरते. पहिलीतले मूल वर्षात पंधरा वाढदिवसांना जात असेल तर पंधरा ‘रिटर्न गिफ्ट’ घरी येतात. त्यात स्वतःचा वाढदिवस आणि येता-जाता घेतलेली खेळणी मिळवली की दिवाळीच्या भेटी चारावर आणूनही कपाट भरतेच. म्हणून पसाऱ्यापुरता खरा आकडा भेटींचा नसून जागेचा आहे : खेळण्यांसाठी किती फळ्या आणि किती खोकी ठेवायची हे आधी ठरवावे आणि तेवढ्यात मावेल तितकेच घरात राहावे.

हे प्रत्यक्षात कसे उतरते ते एका नमुन्यावरून पाहता येईल. पाच वर्षांच्या एका मुलीला दिवाळीत नऊ वस्तू मिळाल्या असे समजावे : फ्रॉक, गोष्टींची दोन पुस्तके, रंगांची पेटी, ठोकळ्यांचा संच, भातुकली, चित्रांचे तुकडे जुळवण्याचे कोडे आणि रिमोटच्या दोन मोटारी. चारांच्या नियमानुसार ही संख्या दुपटीहून अधिक आहे. पण फ्रॉक वर्षभरात आखूड होऊन पुढच्या भावंडाकडे जाईल, रंग वापरून संपतील आणि पुस्तके पुस्तकांच्या फळीवर जातील. दोन मोटारींपैकी एक खोके न फोडता दुकानातून बदलून घेता येते किंवा पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्या मुलाला देता येते. खेळण्यांच्या फळीवर खरी भर पडते ती चार वस्तूंची : ठोकळे, भातुकली, कोडे आणि एक मोटार. यांतही फरक आहे, कारण ठोकळे आणि भातुकली ही मोकळी खेळणी आहेत, म्हणजे त्यांचे काय करायचे हे मूल ठरवते आणि म्हणून ती वर्षानुवर्षे पुरतात. मोटार आणि कोडे यांचा उपयोग ठरलेला असल्याने त्यांचे आकर्षण लवकर ओसरते. फळीवर चार वस्तूंची भर पडणार असेल तर वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, दिवाळीची साफसफाई चालू असताना, मुलीला बरोबर घेऊन तेवढ्याच जुन्या वस्तू बाजूला काढाव्या लागतील. मुलाच्या नकळत खेळणी काढून टाकणे हा उपाय नाही, कारण त्यातून मूल देण्यास शिकत नाही, तर उरलेल्या वस्तू अधिक घट्ट धरून ठेवण्यास शिकते.

टोलेडोच्या प्रयोगाचा खरा उपयोग यापुढच्या टप्प्यात होतो. नऊही वस्तू लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकदम उघडल्या तर मूल कागद फाडते, वस्तूकडे ओझरते पाहते आणि ‘अजून काय आहे?’ असे विचारते. त्यावरून ते हावरे आहे असा निष्कर्ष मोठी माणसे काढतात, पण खेळ रंगण्याआधीच पुढची वस्तू समोर आली तर कोणतेही मूल असेच वागेल. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस हाताशी असताना त्याच भेटी रोज एक-दोन अशा उघडणे सहज शक्य असते. सणानंतर चार-पाच खेळणी हाताशी ठेवून बाकीची माळ्यावर ठेवावीत आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करावी. अदलाबदलीची वेळ आल्याची खूण स्पष्ट असते : मूल टोपली पालथी करते, पण त्यातील कशाशीच खेळत नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत चार हा आकडा काटेकोरपणे पाळण्याचे कारण नाही, कारण त्यांची एकाग्रता अधिक असते आणि सलग काही दिवस चालणारे खेळ त्यांना एकाहून अधिक संच मिसळून खेळावेसे वाटतात. दिवाळीच्या किल्ल्यात मातीच्या मावळ्यांशेजारी प्लास्टिकचे प्राणी आणि ठोकळ्यांचे बुरूज उभे राहतात ते यामुळेच.

लाडावण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तेथे संख्येचे महत्त्व आणखी कमी होते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रूस मॅकिन्टॉश यांनी 1989 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात लाडावलेल्या मुलांच्या वर्तनाचा विचार करताना त्याचे मूळ वयानुरूप मर्यादा सातत्याने न पाळण्यात असल्याचे मांडले. मूल दुकानात रडते, पालक दोनदा ‘नाही’ म्हणतात आणि तिसऱ्यांदा वस्तू घेऊन देतात. त्या एका वस्तूमुळे मूल जे शिकते ते मामाने प्रेमाने आणलेल्या पाच वस्तूंमुळे शिकत नाही, कारण रडणे किती वेळ चालवले की उपयोग होतो हे त्याला कळलेले असते. मार्शा रिचिन्स आणि लॅन चॅप्लिन यांच्या 2015 च्या अभ्यासात असे आढळले की, ज्या प्रौढांना बालपणी वस्तू बक्षीस म्हणून मिळत आणि शिक्षा म्हणून काढून घेतल्या जात, ते मोठेपणी वस्तूंना अधिक महत्त्व देत होते. हा अभ्यास आठवणींवर आधारलेला असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण सणाच्या भेटीला गुणांची किंवा शहाणपणाची अट घालणाऱ्या पालकांनी त्याची दखल अवश्य घ्यावी. भाऊबीजेची ओवाळणी बहिणीला तिच्या गुणपत्रिकेकडे पाहून दिली जात नाही, आणि मुलांच्या भेटीलाही तोच न्याय असावा. मूल लाडावत आहे का, हे भेटींच्या ढिगावरून न ठरवता ‘आज नाही’ असे म्हटल्यानंतर तासाभरात घरात काय घडते यावरून ठरवावे.

इतर काही समजुतींचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. वस्तूंऐवजी सहलीसारखे अनुभव दिले की मुले अधिक आनंदी होतात, हे लहान मुलांच्या बाबतीत खरे नाही; चॅप्लिन आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या अभ्यासात लहान वयात वस्तूंपासून मिळणारा आनंद अधिक आढळला आणि अनुभवांचे पारडे पौगंडावस्थेत जड झाले. भावंडांना सारख्याच संख्येने भेटी दिल्या की भांडणे टळतात असे मानले जाते, पण दोन वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या गरजा सारख्या नसतात, आणि कारण सांगितले तर नऊ वर्षांच्या मुलाला ते समजते. नातेवाइकांना आधी सुचवणे उद्धटपणाचे ठरते, हीदेखील अकारण भीती आहे. ‘तिच्याकडे मोटारी पुष्कळ आहेत, रंग संपलेत’ एवढे वाक्य महिनाभर आधी कानावर घातले की बहुतेक आजी-आजोबांना हायसेच वाटते. आणि लहानसहान खेळण्यांनी काही बिघडत नाही हा समज धोक्याचा आहे : भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि ते नसलेले, बटणाएवढा सेल असलेले दिवे वा भोंगे तीन वर्षांखालील मूल असलेल्या घरात आले तर पसाऱ्याचा आणि संख्येचा विचार न करता त्याच दिवशी बाहेर गेले पाहिजेत, कारण गिळलेला असा सेल काही तासांत अन्ननलिका भाजून टाकू शकतो.