बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा दिवस : ऋषिपंचमी



मागे देवळ्याला भाद्रपदाच्या तोंडावर कीर्तन होतं. कीर्तन संपलं, आरती झाली, आणि एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असं माझ्या सासूनं सांगितलं. पण आता आमच्याकडे बैलच राहिले नाहीत. सगळं वावर ट्रॅक्टरनं नांगरलंय. मग आमची बाजरी पंचमीला चालेल का?"

मंडळी हसली. मला मात्र हसू आलं नाही. या एका प्रश्नात सगळं व्रत येतं. म्हणून आज तुम्हाला उत्तर सांगायचं ते मुळापासून सांगतो.

भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे ऋषिपंचमी. तृतीयेला हरितालिका, चतुर्थीला गणपती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ही. पूजा माध्यान्हीची, म्हणून दुपारी पंचमी असेल तो दिवस धरायचा. शेगावच्या गजानन महाराजांनी समाधी घेतली ती याच तिथीला, 1910 साली. त्यामुळे पुष्कळ वारकऱ्यांना ही तिथी त्यांच्या पुण्यतिथीची म्हणूनही माहीत असते.

हे व्रत कोणी करायचं? बायकांनी. पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हरितालिका कुमारिकांची आणि सुवासिनींची. ऋषिपंचमी सौभाग्यासाठी नाही. त्यामुळे नवरा असो वा नसो, हे व्रत सगळ्यांना आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत पाळी गेलेल्या, वयस्क बायकाच ते नेमानं करतात. सात वर्षं करून उद्यापन करायचं असा रिवाज आहे, तरी कितीतरी आज्या हात चालतात तोवर सोडत नाहीत.

आता कहाणी. एका ब्राह्मणाच्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं. दारात एक बैल आणि एक कुत्री. खिरीच्या भांड्यात सापानं गरळ टाकलं, ते कुत्रीनं पाहिलं. जेवणारे मरतील म्हणून तिनं मुद्दाम भांड्याला तोंड लावलं. सुनेनं काय पाहिलं? कुत्रीनं खीर बाटवली! जळतं कोलीत घेऊन तिला मारलं, उष्टंसुद्धा घातलं नाही. रात्री कुत्री रडत रडत बैलाकडे गेली. बैल म्हणाला, "माझंही तेच. मुलानं दिवसभर जुंपलं, तोंड बांधलं, चारा घातला नाही. आज माझंच श्राद्ध, आणि मीच उपाशी."

मुलगा जागा होता. त्यानं ऐकलं. हे आपले आई-बाप! उठला, दोघांना चारा-पाणी घातलं, आणि सकाळी रानात ऋषींकडे गेला. ऋषींनी सांगितलं, तुझ्या आईनं विटाळात घरातल्या भांड्यांना हात लावला, बापाला त्याचा संपर्क झाला, म्हणून ही गत. ऋषिपंचमीचं व्रत कर आणि त्याचं पुण्य त्यांना दे. त्यानं ते केलं आणि दोघं सुटले.

आता विटाळाचं हे कारण कहाणीत आहे, ते मी लपवत नाही. तुमच्या घरातल्या लेकी-सुना विचारतात, "पाळी म्हणजे पाप का?" त्यांना दटावू नका. जुन्या लोकांनी जे मानलं ते कहाणीत आलं. पाळी हा शरीराचा धर्म आहे, लेकरू पोटात वाढतं ते त्याच्याच जोरावर. मला या कहाणीत दुसरं दिसतं. तोंड बांधून राबवलेला बैल कोण होता? बाप. कोलिताचा मार खाणारी कोण होती? आई. ज्याला आपण जनावर म्हणतो त्याच्या कष्टाचं आपण खातो, आणि त्याला ओळखत नाही. व्रताचा आहार याच जागेवर बोट ठेवतो. श्रावणातल्या पिठोरी अमावस्येला पोळा होतो, बैलाला सुट्टी मिळते. त्यानंतर पाचव्या दिवशी ही पंचमी. पोळ्याला त्याच्या मानेवरचं जू उतरतं, आणि पंचमीला त्यानं राबून पिकवलेला घास आपण आपल्या ताटातून उतरवतो.

आधी स्नान सांगतो. या दिवशी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे. आघाडा ओळखायला सोपा. बांधावर, घराच्या कडेला उगवतो, लांब तुरा येतो आणि त्याचं बी लुगड्याला चिकटतं. मंगळागौरीला, गणपतीला जी पत्री लागते तीच ही. कुठे 108 काड्या घेतात, कुठे सात. 108 काड्यांनी खरोखर दात घासले तर हिरड्या सोलतील. म्हणून एक-दोन काड्यांनी नीट घासायचं आणि बाकीच्या दातांना नुसत्या लावून खाली ठेवायच्या, चूळ भरायची. मग आवळकाठी आणि तीळ एकत्र वाटून तो लगदा केसांना लावायचा. आवळ्यानं केस स्वच्छ होतात आणि तिळाच्या तेलकटपणानं कोरडे पडत नाहीत. काही ठिकाणी अंगाला माती, गोमय, भस्मही लावतात. मग स्नान, धुतलेलं वस्त्र, आणि पूजा.

स्नान नदीवर करावं असं म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या बायका नाशिकला रामकुंडावर जातात, त्र्यंबकला कुशावर्तावर जातात. कुशावर्ताचा संबंध गौतम ऋषींशी, आणि गौतम तर आजच्या सातांपैकी एक. त्यांची कथाही गाईचीच आहे बघा. शेतात शिरलेल्या गाईला हाकलायला त्यांनी गवताची काडी टाकली आणि गाय पडली. त्या पापातून सुटायला त्यांनी तप करून गोदावरी आणली. म्हणून तिला गौतमी म्हणतात.

देवळ्याकडच्या बायकांना गिरणा जवळ, लोहोणेरला. पण ऐका माझं. भाद्रपदात गिरणेचा भरवसा धरू नका. वर कळवणकडे पाऊस झाला, चणकापूर भरलं, की पाणी सोडतात. इथे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की लगेच काठावर या. गुडघे दुखणाऱ्या आजीनं तर घरीच न्हावं. घरच्या बादलीत नदीचं तांब्याभर पाणी घातलं तरी स्नान घडतं.

पूजेला चौरंगावर तांदळाच्या आठ पुंजी, त्यावर आठ सुपाऱ्या. सात कुणाच्या? कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ. आणि आठवी अरुंधती. तिला विसरू नका. पुष्कळ घरी सातच मांडतात आणि ती माउली बाजूला राहते.

आता खाणं, आणि आजींचं उत्तर. शास्त्रात शब्द आहे 'अकृष्ट', म्हणजे न नांगरलेल्या जमिनीतलं. नांगर बैल ओढायचा, म्हणून आपल्या आयाबायांनी ते सोपं करून सांगितलं, "बैलाच्या कष्टाचं नको." ट्रॅक्टरनं बैल सुटला, पण जमीन तर नांगरलीच ना? म्हणून आजी, बाजरी चालत नाही. गहू, ज्वारी, तूर, हरभरा चालत नाही. साखर-गूळ नाही, कारण ऊस नांगरलेल्या रानातला. तेलही नाही, कारण घाणा बैल ओढायचा आणि तेलबियाही शेतातल्या.

मग चालतं काय? धान्यात भगर, म्हणजे वरई. सुरगाणा-पेठकडे डोंगराच्या उतारावर, जिथे औत चढत नाही, तिथे ती हातानं लावत आले, म्हणून ती मान्य. कोकणात पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात घेतात. आता बाजारातली भगर सगळी तशीच पिकते असं कुणी छातीठोक सांगणार नाही. भाव ठेवून घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. उपवासाच्या दिवसांत भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. सुटं, जुनं पीठ आणू नका. आख्खी, बंद पुड्यातली आणा, कुबट वास आला तर टाकून द्या, तीन पाण्यांनी धुवा. एक वाटी भगरीला तीन वाट्या उकळतं पाणी पुरतं.

भाज्या परसातल्या. कुदळीनं खणलेलं, खुरप्यानं राखलेलं, हातानं पाणी घातलेलं. अळू, लाल माठ, अंबाडी, भेंडी, दोडका, गिलकं, पडवळ, डांगर म्हणजे लाल भोपळा, सुरण, मक्याची कवळी कणसं, काकडी. या सगळ्यांची मिळून ऋषीची भाजी. पाच माणसांना पावशेर सुरण, पावशेर डांगर, दोन कणसं, एक दोडका, दहा-बारा भेंड्या, अळूची आठ पानं देठांसकट आणि माठाची एक जुडी पुरे.

क्रम चुकला की भाजी बिघडते. सुरणाच्या फोडी आणि कणसाचे तुकडे आधी, वाटीभर पाणी आणि चिंचेचा कोळ घालून झाकण ठेवून शिजवा. चिंच आधीच हवी, नाहीतर सुरण-अळू घशाला खाजतं. सुरण सुरीनं सहज तुटलं की डांगर, दोडका, अळूचे देठ घाला. शेवटी भेंडी आणि पाला. हिरवी मिरची, सैंधव, ओलं खोबरं. फोडणी नाही, हळद नाही. घरच्या गाईचं तूप काही घरी घालतात, काही घरी नाही. तुमच्या सासूनं जसं केलं तसं करा, त्यावरून भांडू नका.

हे एकदाच जेवायचं. पण साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या आजींनी दुपारपर्यंत उपाशी राहू नये. डॉक्टरांना आधी विचारावं आणि सकाळीच थोडी भगर-भाजी खावी. हात कापायला लागले, घाम फुटला, तर व्रत बाजूला ठेवून लगेच साखर तोंडात टाकावी. ऋषी रागावत नाहीत.

आजींनी हे सगळं ऐकलं, मग हळूच म्हणाल्या, "महाराज, परसात जागाच नाही. सुनेनं फरशी बसवली." मी म्हटलं, पंधरा दिवस आधी एका फुटक्या बादलीत माती भरा आणि माठाचं बी टाका. बोटभर रोपं झाली तरी चिमूटभर कवळा पाला मिळतो. बाकी भाजी बाजारातून आणा, पण तेवढा पाला तुमच्या हाताचा असू द्या.

आणि कुणाच्या गोठ्यात अजून बैल असेल तर त्या दिवशी आपण जेवायच्या आधी त्याच्यापुढे वैरण टाका. मुलानं रात्री उठून केलेलं पहिलं काम तेच होतं.

रामकृष्ण हरी.