लिटरला वीस मिली

नव्वदच्या दशकापर्यंत पेट्रोल पंपावर एक दृश्य रोजचं होतं. चेतकवाला यायचा, सीट वर करायचा आणि म्हणायचा, "दोन लिटर, ऑईल टाकून." पंपावरचा मुलगा मापातून टू-टी ऑईल टाकीत सोडायचा, वरून पेट्रोल भरायचा. मग चेतकवाला हँडल धरून स्कूटर डावी-उजवीकडे चांगली हलवायचा, तेल नीट मिसळावं म्हणून. शेजारी हिरो होंडाची सीडी १०० उभी असायची. तिचा मालक फक्त पेट्रोल भरून निघून जायचा. जुन्या गाड्या अशा का वागतात, त्यांना तो वास का येतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्या मापापासून करावी. चेतकला तेल का लागायचं आणि सीडी १०० ला का नाही?

यासाठी १९८५ हे साल सोयीचं आहे. त्या वर्षी आपल्या रस्त्यांवर दोन गाड्या आल्या, सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. एकीचं इंजिन ९७ सीसी, दुसरीचं ९८. म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती जागा जवळजवळ सारखीच. तरीही आरएक्स अकरा हॉर्सपॉवर द्यायची आणि सीडी सात-साडेसातच्या आसपास. फरक होता तो श्वास घेण्याच्या पद्धतीत.

सीडी १०० फोर-स्ट्रोक. पिस्टन खाली जाताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो. ठिणगी पडते, स्फोटाने तो खाली ढकलला जातो आणि परत वर येताना जळका धूर बाहेर लोटतो. चार फेऱ्या, क्रँकचे दोन पूर्ण वेढे, आणि त्यात काम करून देणारा स्फोट एकच. मिश्रण आत घ्यायला एक व्हॉल्व्ह, धूर सोडायला दुसरा, दोन्ही सिलिंडरच्या डोक्यावर. पिस्टनच्या खालचं चेंबर या सगळ्यापासून मोकळं राहतं, म्हणून तिथे लिटरभरापेक्षा थोडं कमी तेल साठवता येतं. तेच तेल क्रँक, पिस्टन, गिअर आणि क्लच सगळ्यांना पुरतं, फिरून खाली येतं आणि पुन्हा वापरलं जातं.

आरएक्स चेतकसारखीच टू-स्ट्रोक. तिच्यात व्हॉल्व्हचं काम सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांवर सोपवलेलं आहे. पिस्टन वरखाली होतानाच त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर जात असताना वरच्या बाजूला मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खालच्या चेंबरमध्ये कार्बोरेटरमधून नवं मिश्रण ओढलं जातं. ते उलटं परत जाऊ नये म्हणून वाटेत पातळ लवचीक पाकळ्यांचा रीड व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो. आधी धुराची खिडकी उघडते, मग क्षणार्धात आत आणणाऱ्या खिडक्या उघडतात, आणि खाली दाबलं गेलेलं ताजं मिश्रण उसळून वर येतं. येताना ते जळक्या वायूला बाहेर ढकलतं. दर वेढ्याला एक स्फोट. सहा हजार आरपीएमला आरएक्समध्ये सेकंदाला शंभर स्फोट होतात, सीडीमध्ये पन्नास.

आता चेंबरचं काम पाहा. ताज्या मिश्रणाचा पंप तेच आहे. त्यात तेल साठवून ठेवलं तर दर वेढ्याला ते मिश्रणासोबत वर उडेल. पण क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टनची भिंत यांना तेल तर हवंच. उपाय एकच उरतो, तेल मिश्रणासोबत थोडं थोडं आत सोडायचं. बेअरिंगना त्याचा थर बसतो आणि उरलेलं मिश्रणाबरोबर वर जाऊन जळतं. जळून संपणारं तेल पुन्हा पुन्हा घालावं लागतं, म्हणून पंपावरचं ते माप. जुन्या गाड्यांना लिटरला तीस-चाळीस मिली लागायचं, पुढच्या स्कूटरना वीस. आरएक्समध्ये तेलाची टाकीच वेगळी होती. थ्रॉटलच्या केबलला जोडलेला एक छोटा पंप गाडी ओढत असताना जास्त आणि नसताना कमी तेल सोडायचा. यामाहाने त्याला ऑटोल्यूब असं नाव दिलं होतं. गिअर आणि क्लचचं तेल मात्र टू-स्ट्रोकमध्ये वेगळंच असतं, ते जळत नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वासाचं कारण आता सरळ आहे. तेल पूर्ण जळत नाही, त्याचे बारीक थेंब निळसर धुरातून बाहेर येतात. दुसरं, दोन्ही खिडक्या काही काळ एकत्र उघड्या असतात, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा एक हिस्सा न जळता सायलेन्सरमध्ये निसटतो. कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ही गळती पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असू शकते. गोडसर, थोडा तिखट, डोळ्यांत झोंबणारा असा तो वास कच्चं पेट्रोल आणि अर्धवट जळलेलं तेल यांचा आहे. मला तो आवडतो, हे लपवत नाही. पण रिक्षा आणि स्कूटरने भरलेल्या चौकात तासभर उभं राहून कामाला जाणाऱ्यांनी तो आवडीने घेतला नव्हता. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या मागे पडल्या, ते योग्यच झालं.

अकरा हॉर्सपॉवर मात्र सगळे वेढ्यांच्या हिशोबातून आलेले नाहीत. स्फोट दुप्पट म्हणून ताकद दुप्पट व्हायला हवी होती, पण निसटणारं मिश्रण त्यातलं खातं. हे नुकसान कमी करायची युक्ती सायलेन्सरच्या आकारात आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा अभियंता वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात ती कसून अभ्यासली. धुराची खिडकी उघडली की दाबाची लाट पाइपमधून धावते. पाइप आधी रुंदावत गेला तर मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर रिकामा होतो. पुढे पाइप पुन्हा निमुळता झाला तर लाट तिथे आपटून परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबून भरते. ही परतलेली लाट अचूक वेळी पोहोचली तरच उपयोग, आणि ती वेळ ठरावीक आरपीएमलाच जुळते. म्हणून आरएक्स खालच्या वेगाला साधी, थोडी आळशी वाटते आणि पाच हजारांच्या आसपास एकदम पाठीत धक्का देऊन उठते. खर्च करून सायलेन्सरऐवजी नुसता मोकळा पाइप लावणाऱ्यांना आवाज मिळतो, पण हा धक्का जातो. परतणारी लाटच उरत नाही.

बारीक थ्रॉटलवर ऐकू येणारी ती अडखळती रिंग-टिंग-टिंगही याच श्वासाची. मिश्रण कमी आत येतं, आतला जळका वायू पूर्ण बाहेर जात नाही, आणि ठिणगी पडूनही दर वेढ्याला स्फोट होत नाही. एकदा पेटतं, एकदा चुकतं. थ्रॉटल उघडलं की आवाज सलग होतो.

खरा फरक कळतो घाट उतरताना. सीडी १०० वर खंबाटकी उतरताना थ्रॉटल सोडलं की इंजिन गाडी अडवून धरतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धुराची खिडकी झाकेपर्यंत दाब तयारच होत नाही, त्यामुळे इंजिनचा अडसर फार कमी. ब्रेक जास्त लागतात आणि ड्रम तापतात. त्याहून वाईट म्हणजे, पेट्रोलमध्ये तेल मिसळणाऱ्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद. इंजिन चाकाच्या जोरावर भरभर फिरतंय आणि आत जवळजवळ कोरडं आहे. पिस्टन फुगतो, भिंतीला घासतो आणि गाडी सीझ होते. मागचं चाक क्षणात अडकतं. त्याआधी आवाज कोरडा, टणटणीत होतो आणि ओढ अचानक कमी होते. ही दोन लक्षणं दिसली की क्लच दाबायचा, मग कारण शोधायचं. आत तेल पोहोचत राहावं म्हणून जुने येझदीवाले आणि स्कूटरवाले उतारावर मधून मधून थ्रॉटल थोडं उघडून बंद करायचे. ऑटोल्यूबचा पंप बंद थ्रॉटललाही थोडं तेल देतो, त्यामुळे तिथे धोका कमी, पण सवय चांगलीच.

चेंबर पंपाचं काम करतं याचा अजून एक परिणाम आहे. ते हवाबंद असावं लागतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात, एक क्लचच्या बाजूला, एक मॅग्नेटच्या. माझ्या मित्राची शंभर सीसीची टू-स्ट्रोक दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. किकला चालू झाली, पण मागे पांढुरका दाट ढग. तापल्यावरही हटेना. मित्राला वाटलं टू-टी जास्त जातंय, म्हणून पंपाची केबल कमी करायला निघाला होता. मिस्त्रींनी थांबवलं. "दादा, वास घ्या. टू-टी नाही हे, गिअर ऑईल जळतंय." ड्रेन बोल्ट खोलला. भरलेलं होतं साडेसहाशे मिली, निघालं चारशेच्या आसपास. रबर सुकून क्लचकडचा सील गेला होता, आणि दर वेढ्याला चेंबर गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळत होतं. केबल कमी केली असती तर धूर तसाच राहिला असता आणि पिस्टनचं तेल मात्र तुटलं असतं.

"मॅग्नेटकडचा पण बदलू," मिस्त्री म्हणाले. तो गेला तर धूर दिसत नाही. आत हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भरमसाट तापतं. ओळख एवढीच, की गरम गाडीचं थ्रॉटल सोडलं तरी आरपीएम खाली यायला वेळ लागतो, आणि चोक थोडा ओढला की ती शांत होते. असं दिसलं तर गाडी घाटात नेऊ नये.

फोर-स्ट्रोकमध्ये निळा धूर हाच बिघाड. थ्रॉटल सोडून उतरल्यावर पुन्हा उघडताना एक ढग आला तर व्हॉल्व्हचे सील, ओढताना सतत येत राहिला तर बहुधा रिंग. टू-स्ट्रोकमध्ये सकाळी पहिल्या मिनिटाचा निळा धूर म्हणजे रात्रभर चेंबरमध्ये साचलेलं तेल, तो दोन-तीन किलोमीटरमध्ये विरळ व्हायला हवा.

मित्राचं इंजिन उतरवलं, चेंबर उघडलं, दोन्ही सील आणि पॅकिंग नवं बसवलं. सायलेन्सरच्या आतली जाळी काजळीने निम्मी बुजली होती, तीही साफ केली. बसवून किक मारली. पहिला धूर पांढुरकाच आला, सायलेन्सरमध्ये उरलेल्या जुन्या तेलाचा. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येईस्तोवर तो निळा आणि पातळ झाला होता. मिस्त्रींनी हात पुसले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "आता टू-टीच."