पोस्टरमधलं हेल्मेट दुपट्ट्यावर नको

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. दरवर्षी त्या दिवशी सुरू होणाऱ्या सुरक्षा सप्ताहासाठी नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत नवी पोस्टर्स लागतात: डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, हातात मोजे आणि चेहऱ्यावर हसू. खालचा मजकूर फार थोडे लोक वाचतात, चित्र मात्र सगळे पाहतात आणि तसंच वागतात. म्हणून पोस्टरचा नमुना मंजूर करताना आधी मॉडेलचा पेहराव तपासायला हवा.

सुरुवात हेल्मेटपासून करू. त्याचं कवच डोक्याला टेकलेलं नसतं. आतल्या पट्ट्यांच्या जाळीवर ते तोललेलं असतं, आणि कवच व टाळू यांच्यामध्ये मोकळी जागा असते. खरं संरक्षण या जागेत आहे. समजा, ५ किलोची वस्तू १ मीटर उंचीवरून डोक्यावर पडली. तिची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल. ती २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर डोक्यावर सरासरी अडीच टन वजनाइतकं बल येतं. पट्ट्या ताणल्या जाऊन तीच वस्तू २५ मिलिमीटरमध्ये थांबली, तर हे बल दोनशे किलोच्या आसपास येतं. वेगात आलेला क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच काम इथे पट्ट्या करतात. प्रत्यक्षात क्षणिक बल सरासरीपेक्षा बरंच वर जातं. म्हणून युरोपच्या हेल्मेट-मानकात एवढ्याच आघाताला साधारण पाचशे किलोची कमाल मर्यादा घातली आहे.

नागपुरातला खरा घोटाळा इथेच होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकला की डोक्याला ओला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. कामगार त्याच दुपट्ट्यावर हेल्मेट चढवतो. कापडाच्या घड्या ती मोकळी जागा भरून टाकतात, डोक्याचा पट्टा नीट बसत नाही आणि हेल्मेट वर उचललं जाऊन डुगडुगू लागतं. यासाठी कामगाराला दोष देणं मला पटत नाही, कारण ऊन खरंच असह्य असतं. पोस्टरमध्ये त्याला पर्याय दिसला पाहिजे. हेल्मेटच्या मागच्या कडेला बाहेरून अडकवलेला, मानेवर सावली धरणारा कापडी पडदा मॉडेलला द्यावा. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, आडवी असावी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पण समोरून आलेला आघात थेट कपाळावर घेतं. मॉडेल स्त्री असेल तर उंच अंबाडा चालणार नाही. त्यावर हेल्मेट टेकतच नाही. मानेशी खाली बांधलेली वेणी ठीक.

जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी काम करतात. पिवळसर-हिरवं फ्लुरोसंट कापड दिवसा उपयोगी. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा दृश्य प्रकाश करतं, म्हणून आजूबाजूच्या रंगांपेक्षा जास्त उजळ भासतं. करड्या पट्ट्या रात्रीच्या. त्यांतले काचेचे सूक्ष्म मणी प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. ट्रकचालकाचे डोळे हेडलाइटच्या जवळपास असतात, म्हणून पट्टी त्याला झगझगीत दिसते. बाजूला उभ्या असलेल्याला ती करडीच राहते. त्यामुळे भर उन्हातल्या चित्रात पट्ट्या पांढऱ्याशुभ्र रंगवणं चूक आहे. त्या झळकलेल्या दाखवायच्याच असतील, तर चालकाच्या जागेवरून दिसणारं रात्रीचं चित्र घ्यावं. जॅकेट पुढून बंद हवं. उघडं राहिलं तर कमरेभोवतीची पट्टी तुटते आणि माणसाचा आकार ओळखू येत नाही. छपाईतही एक अडचण आहे. नेहमीच्या चार शाईंतून हा रंग उतरतच नाही, मळकट हिरवा येतो. त्यासाठी पाचवी, फ्लुरोसंट शाई मागवावी लागते. तो खर्च करावा असं माझं मत आहे, नाहीतर मळून निस्तेज झालेलं जॅकेटच कामगाराच्या नजरेत बसेल.

हातमोज्यांचं चित्र काढण्याआधी मॉडेल काय काम करतोय ते ठरवावं लागतं. धारदार पत्रे उचलत असेल तर चिरा रोखणारे, बोटांच्या टोकाला रिकामे न राहणारे मोजे हवेत. तोच माणूस ड्रिल मशीनपाशी उभा असेल तर मोजे घालायचे नाहीत. फिरत्या बिटात कापडाचं टोक अडकलं की हात सोडवायला वेळच मिळत नाही, मोज्यासकट बोटं आत ओढली जातात. तिथे चित्रात हात उघडे, बाह्या बंद, मोजे बाजूच्या टेबलावर ठेवलेले, आणि लोखंडाचा कीस झटकायला हातात ब्रश, तोही मशीन पूर्ण थांबल्यावर.