‘मला मान्य आहे’ या चौकटीच्या आधी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. अशी हळद आज घरबसल्या पुण्यामुंबईला मागविता येते. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर एक लहानशी चौकट येते : ‘मला अटी व शर्ती मान्य आहेत.’ त्या अटी पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून उचललेल्या असतात. ग्राहकाने त्या वाचलेल्या नसतात, आणि खरे सांगायचे तर विक्रेत्यानेही नाही.

समजा, वर्ध्याच्या एखाद्या हळदविक्रेत्याने या दहा पानांतून ग्राहकाला वाचता येतील अशा पाच-सहा ओळी काढावयाच्या ठरविल्या. प्रत्येक कलमाचा सारांश करीत बसणे ही येथील नेहमीची चूक. ग्राहकाचा निर्णय ज्यामुळे बदलू शकेल, तेवढेच निवडावयाचे असते : एकूण किती पैसे द्यावे लागतील, माल केव्हा येईल, तो खराब निघाला तर काय, मागणी रद्द करता येईल का, तक्रार कोणाकडे करावी आणि आपल्या भ्रमणध्वनी क्रमांकाचे पुढे काय होते. संकेतस्थळावरील छायाचित्रांचा स्वामित्वहक्क कोणाचा, हे सविस्तर मसुद्यातच राहू द्यावे.

आता एक कलम पाहू. मूळ मजकूर असा : ‘उघडलेले पाकीट कोणत्याही परिस्थितीत परत घेतले जाणार नाही, परताव्याचा निर्णय सर्वस्वी विक्रेत्याच्या अधीन राहील.’ हे सोप्या भाषेत लिहू लागताच त्यातील दोष उघडा पडतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. हळदीतील दोष तर पाकीट उघडल्यावरच कळणार! म्हणून येथे वाक्य आखूड करून भागत नाही, अटच बदलावी लागते. नवी ओळ अशी होईल : ‘हळद खराब किंवा वर्णनाहून वेगळी निघाल्यास उघडलेले पाकीटही आम्ही परत घेऊ, परत पाठविण्याचा खर्च आमचा. केवळ चव आवडली नाही म्हणून उघडलेले पाकीट परत घेता येणार नाही.’ दुसरे वाक्य ग्राहकाच्या गैरसोयीचे आहे, म्हणूनच ते गाळता कामा नये. ‘सुलभ परतफेड’ एवढेच लिहून मोकळे होणारा सारांश दहा पानांहून अधिक फसवा.

‘सर्व वाद वर्ध्याच्याच न्यायालयात’ हे कलमही असेच पारखावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पुण्याच्या ग्राहकाला वर्ध्यास यावे लागत नाही. त्याऐवजी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि ४८ तासांत पोच, एका महिन्यात निवारण ही नियमातील मुदत लिहावी.

मग संक्षेप आणि सविस्तर मसुदा यांत तफावत आढळली तर खरे काय मानावे? येथे कर्जव्यवहारातील उदाहरण उपयोगी पडते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार किरकोळ कर्जदाराला मुख्य अटींचे तथ्यपत्रक त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते, आणि त्यात नमूद नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. म्हणजे तेथे संक्षेपच बांधील ठरतो. हळदविक्रेत्यावर असे बंधन नाही; तरी ‘दोन्हींत फरक आढळल्यास या ओळी ग्राह्य’ असे त्याने स्वतःहून लिहावे. तसे लिहिण्याचे धैर्य होत नसेल, तर दोहोंपैकी एक मजकूर चुकीचा आहे.

या ओळींची जागाही महत्त्वाची. त्या पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सहज दिसाव्यात. दुव्यामागे दडवू नयेत. चौकटीत आधीच खूण केलेली असणे २०२० च्या नियमांना मान्य नाही. ती ग्राहकानेच करावयाची. ओळींखाली दिनांक असावा, म्हणजे अटी पुढे बदलल्या तरी जुन्या मागणीला कोणत्या लागू होत्या हे कळते.

शेवटी हा मजकूर त्याच्या लेखनात सहभागी नसलेल्या एखाद्या काकूंच्या हाती द्यावा. त्यांना ‘नीट वाचता आले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच येते. ‘पाकीट फाटलेले आले, तर तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. कोणाला कळवायचे आणि खर्च कोणाचा, हे त्यांना तेथल्या तेथे सांगता आले, तर ओळ जमली. ‘कुरिअरवाल्याला विचारेन’ असे त्या म्हणाल्या, तर तीच ओळ पुन्हा लिहावी.