बाटली बुडते, झाकण प्रवासाला निघतं

पाण्याची रिकामी बाटली आणि तिचं झाकण वेगवेगळं करून बादलीत टाका. बाटलीत पाणी शिरलं की ती तळाशी जाते, झाकण मात्र वरच तरंगत राहतं. दोन्ही प्लास्टिकच, पण बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं हलकं. पाण्याचे पाऊच, कॅरीबॅग, मासेमारीच्या जाळ्यांचे काही दोर हेही हलक्या जातीचे. समुद्रात हजारो किलोमीटर फिरणारं प्लास्टिक प्रामुख्याने या जातीचं असतं.

बार्शीटाकळीच्या विद्रूपा नदीत पहिल्या मोठ्या पुराला असं एखादं झाकण वाहत निघालं, तर त्याची वाट ठरलेली आहे. विद्रूपेचं पाणी पुढे पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. वाटेत हतनूर आणि उकाई ही धरणं आहेत, शिवाय काठावरच्या बाभळी, पुलांचे खांब आणि गाळ. तेव्हा बहुतेक झाकणं समुद्र पाहतच नाहीत. पण त्यातलं एखादं डुमसच्या पुढे खाऱ्या पाण्यात पोहोचलं असं धरू. पॅसिफिक महासागरातल्या ज्या कचऱ्याच्या ‘बेटा’विषयी आपण अधूनमधून वाचतो, तसल्या एखाद्या ठिकाणी ते जाऊन पडेल का?

आधी त्या बेटाचा निकाल लावू. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मध्ये प्लास्टिक साचतं हे खरं आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथला पसारा सुमारे 16 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्रांएवढा, आणि त्यातलं प्लास्टिक सुमारे 79 हजार टन असल्याचा अंदाज निघाला. आता हा हिशेब आपल्या मापात करा. एकरी फक्त 200 ग्रॅम! तुकडे मोजले तर एकरी साडेचार हजारांच्या आसपास, पण त्यातले बहुतेक तांदळाच्या दाण्याहून लहान. वजनाचा जवळजवळ निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा. बोटीच्या कठड्याला उभं राहिलं तर निळंशार पाणीच दिसतं. म्हणून शास्त्रज्ञ तिथे बारीक जाळी तासभर पाण्यावरून ओढतात आणि तिच्यात काय अडकलं ते मोजतात. ‘बेट’ हा शब्द कोणी रूढ केला कोण जाणे, पण त्याने समजुतीपेक्षा गैरसमजच जास्त पसरला.

एकरी 200 ग्रॅम का होईना, पण ते तिथेच का जमतं? भोवऱ्यात पालापाचोळा ओढला जातो तसं काहीतरी होत असावं, असं वाटतं. ते चूक आहे. कारण कळायला सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन 1893 ते 1896 या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून बसला होता. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, थोडा उजवीकडे सरकतो, हे त्याच्या लक्षात आलं. एकमान या स्वीडिश तरुणाने त्याचं गणित मांडलं. फिरत्या पृथ्वीवर वारा पाण्याला ढकलतो तेव्हा वरचा थर थोडा उजवीकडे वळतो, त्याखालचा आणखी वळतो, आणि सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजव्या हाताला जातं. हे उत्तर गोलार्धातलं, दक्षिणेत डावीकडे.

आता हे पॅसिफिकला लावून पाहू. साधारण 15 अंश उत्तरेला व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. त्यांची उजवी बाजू म्हणजे उत्तर, म्हणून पाणी उत्तरेला सरकतं. वर 40 अंशांच्या आसपास वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. त्यांची उजवी बाजू दक्षिण, म्हणून तिथलं पाणी खाली येतं. दोन्हीकडचं पाणी मधे जमतं आणि समुद्राला मीटरभर उंचीचा, हजारो किलोमीटर पसरलेला फुगवटा येतो. त्याच्या उतारावरून पाणी बाहेर पळू पाहतं, पण पृथ्वीचं फिरणं त्यालाही उजवीकडे वळवतं. मग ते फुगवट्याभोवती घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत राहतं. हेच ते प्रवाहचक्र. जगात अशी पाच मोठी चक्रं आहेत.

मधे जमणारं जास्तीचं पाणी जातं कुठे? खाली. अगदी संथ, वर्षाला काही डझन मीटर. तरंगणारं प्लास्टिक त्याच्याबरोबर खाली जाऊ शकत नाही. चहा गाळणीतून उतरतो आणि पत्ती वर राहते, तसं ते मागे उरतं. प्लास्टिक ओढून आणणारं गूढ बळ वगैरे काही नाही. पाणी येतं आणि बुडी मारतं, प्लास्टिक येतं आणि अडकतं.

नुसतं गोल फिरणं पुरत नाही, याचा पुरावा प्लास्टिकच्या बदकांनी दिला. जानेवारी 1992 मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून पडलेल्या कंटेनरमधून बदकांसह 28,800 खेळणी सांडली. त्यातली बरीच अलास्काजवळच्या उत्तरेकडच्या चक्रात शिरली आणि सुमारे तीन वर्षांत एक फेरी घालत राहिली. त्या चक्रात वारे पाणी मधून बाहेर लोटतात. तिथे मधे साठा होत नाही, आणि फेऱ्या मारता मारता खेळणी किनाऱ्याला लागत गेली.

आता आपल्या झाकणाकडे येऊ. फुगवटा तयार व्हायला खालून व्यापारी वारे हवेत आणि वरून, 40 अंशांच्या आसपास, उलट दिशेचे वारे हवेत, तेही समुद्रावर. आपल्या रेखांशावर 40 अंशांपर्यंत समुद्र आहेच कुठे? अरबी समुद्र 25 अंशांना संपतो. पुढे जमीन आणि डोंगर. त्यात आपले वारे वर्षातून दोनदा फिरतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी मोजलं. पावसाळ्यात किनारी प्रवाह दक्षिणेला वाहतो, हिवाळ्यात उत्तरेला, आणि हिवाळ्यात तर समोरच्या वाऱ्याच्या विरुद्ध. असा दर सहा महिन्यांनी उलटणारा प्रवाह कचरा एका जागी वर्षानुवर्षं राखू शकत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागराचं स्वतःचं चक्र आहे, पण पॅसिफिकच्या मानाने तिथला साठा ढिला, गळका आहे.

मग उत्तर हिंदी महासागरातलं प्लास्टिक जातं कुठे? बरंचसं किनाऱ्याला परत येतं. 24 मे 2025 ला केरळात मान्सून दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोचीच्या दक्षिणेला ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरसह बुडालं. त्यातले प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे, ज्यापासून पुढे बादल्या आणि झाकणं बनतात, काही दिवसांतच दक्षिणेला तिरुवनंतपुरमच्या वाळूत लागले. लोक सुपं आणि चाळण्या घेऊन ते वेचत होते. पावसाळी प्रवाह दक्षिणेकडचा, वारा किनाऱ्याकडचा. दाण्यांना दुसरी वाट नव्हती. हेच जहाज डिसेंबरात बुडालं असतं, तर किनारी प्रवाहाने दाणे उलटे, कर्नाटक आणि गोव्याकडे न्यायला घेतले असते. आपलं झाकण पुराबरोबर ऐन पावसाळ्यातच समुद्रात पोहोचणार, तेव्हा त्याला पॅसिफिकपेक्षा डहाणू किंवा वर्सोव्याच्या वाळूत शोधलेलं बरं.